मुरारीभाऊंचा क्युबा

आमच्या ऑफिसात एकशे चाळीस माणसं दिवसभर फोटो बघतात आणि तो फोटो कुठला ते सांगतात. परदेशातली कुठलीशी कंपनी कॉम्प्युटरला शिकवतेय, की नुसता फोटो दाखवला की जागा ओळखायची. त्या कॉम्प्युटरचे मास्तर आम्ही. ताथवड्यात एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर बसून आम्ही पेरू, नॉर्वे आणि फिलिपिन्स ओळखतो. आमच्यातल्या निम्म्यांनी लोणावळ्यापलीकडे पाय टाकलेला नाही. मीही त्यातलीच, उगाच कशाला खोटं बोलू?

या सगळ्या मास्तरांत ज्याला खरोखर काही दिसत होतं असा एकच माणूस होता, तो म्हणजे मुरारीभाऊ. आणि अर्थातच आम्ही त्यालाच काढलं.

मुरारीभाऊ मूळचे कागलकडचे. वय अठ्ठेचाळीस, अंगाने किरकोळ, शर्टाच्या खिशात कायम भिंग. भोसरीच्या एका फाउंड्रीत एकवीस वर्षं तयार कास्टिंग तपासायचे. लोखंड साच्यात ओतलं की कधीकधी आत हवा अडकते, भोक पडतं, कडा खचते. मुरारीभाऊ ते भोक बघून सांगायचे, की साचा ओला होता, का ओतणाऱ्याने घाई केली, का वाळूच खराब होती. मग कंपनीने कॅमेरा बसवला. कॅमेरा आला आणि अकरा तपासनीस घरी गेले. त्यांची मुलगी दिव्या इथेच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिने आमच्याकडचा फॉर्म भरून दिला. एका यंत्राने हाकललेला माणूस दुसऱ्या यंत्राला शिकवायला आला आणि त्याचं त्याला काही वाटलंही नाही. "पुनमताई, काम बघायचंच हाय की," असं म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

आता आमचे टीम लीडर. नाव दादासाहेब, वय एकोणतीस. घर निघोज्याचं. गावाकडे लोक त्यांना खरंच दादासाहेब म्हणतात, इथे मात्र 'डीएस सर' म्हणायचं. बोलणं सगळं इंग्रजीत, फक्त चिडले की "व्हय का?" असं अस्सल बाहेर पडतं, आणि तेवढं एकच वाक्य त्यांच्या तोंडी बरं वाटतं. साहेब एकदा चार दिवस व्हिएतनामला जाऊन आले होते. तेवढ्यावर ते जगातल्या समस्त डोंगरांचे जाणकार झाले.

चुनखडीच्या डोंगरांचे फोटो आमच्याकडे ढिगाने यायचे आणि चुकायचेही ढिगाने. आपल्याकडे आजूबाजूला सगळा काळा कातळ. चुना म्हटलं की आपल्याला पानाची डबी आठवते. तर डीएस सरांनी यावर उपाय म्हणून एक तक्ता केला. चार चौकोन. उभे सुळके: चीन. पाण्यातले सुळके: व्हिएतनाम. जमिनीत गोल खड्डा: मेक्सिको. भेगा पडलेला करडा दगड: इंग्लंड. झालं! पृथ्वी संपली. तक्ता प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर लावला. खंडेनवमीला आम्ही कीबोर्डची पूजा केली, तेव्हा शिपायाने त्या तक्त्यालाही हळदकुंकू लावलं आणि झेंडूची माळ घातली. तेव्हापासून त्या तक्त्याला कोणी चूक म्हणेना. कुंकू लागलेल्या वस्तूला चूक कसं म्हणायचं!

कामाची पद्धत अशी: प्रत्येक फोटो तिघांकडे जातो. कोण तिघे, ते एकमेकांना कळत नाही. लीडरला तेवढं दिसतं. दोघांचं उत्तर जुळलं की ते खरं. तिसऱ्याच्या नावावर लाल खूण. महिन्यात दहा लाल झाल्या की माणूस कामावरून बंद. आता तुम्हीच सांगा, अशा ठिकाणी शहाणा माणूस काय करेल? फोटो बघेल, का बाकीचे दोघे काय म्हणतील ते बघेल? आम्ही शहाणे होतो. आम्ही भिंतीकडे बघायचो.

मुरारीभाऊ फोटोकडे बघायचे.

एकदा खड्ड्याचा फोटो आला. उथळ, वाडग्यासारखा खोलगट खड्डा, कडेला दगडांची बुटकी कुंपणं, आणि तळाशी चक्क बटाट्याचं एवढंसं वावर. तक्त्याप्रमाणे मेक्सिको. मुरारीभाऊंनी स्लोव्हेनिया लिहिलं. लाल बसली. चहाच्या टपरीवर मी म्हटलं, "भाऊ, खड्डा म्हणजे मेक्सिको, पाठ आहे ना?"

"अहो ताई, मेक्सिकोच्या त्या भागातला खड्डा म्हंजे विहीर," ते म्हणाले. "जमीन परातीसारखी सपाट. भुईखाली थोडक्यावर पाणी. वरचं छप्पर कोसळलं, की उभ्या भिंतीचं भोक आन् तळाला निळं पाणी. ह्यात पाणी हाय का? न्हाई. तिकडं पाऊस पडतो आन् भेगांतनं खाली गायब होतो. दगड विरघळून जातो, राहिलेली लाल माती बशीच्या तळाशी जमा होती. माती तिथंच, मग शेती बी तिथंच. तळाला बटाटा लावलाय म्हंजे तो खड्डा कोरडा हाय. आन् मेक्सिकोत सपाट जमीन टाकून कोण भोकात बटाटा लावंल?"

मी चहा संपवला आणि वर जाऊन पुढच्या खड्ड्याला मेक्सिको लिहिलं.

दिव्याच्या लायब्ररीतून ते भूगोलाची पुस्तकं मागवायचे. इंग्रजी अडखळत वाचायचे, पण चित्रं भिंगाखाली धरून तास तास बघायचे. त्यांचं म्हणणं साधं होतं. पावसाचं पाणी चुनखडी खातं. जिथे ऊन आणि पाऊस दोन्ही भरपूर, तिथे ते इतकं खातं की मधली जमीन जाते आणि उरलेले डोंगर सुळक्यासारखे उभे राहतात. थंड मुलखात तसे सुळके सहसा नसतात. तिथे वाडगी पडतात, दगडाला भेगा पडतात. म्हणून सुळका दिसला की पहिल्यांदा एवढंच म्हणायचं: गरम, पावसाळी मुलूख. देशाचं नाव लगेच घ्यायचं नाही. "गरम मुलूख काय एकच हाय का?" ते विचारायचे. हे एकोणतीस वर्षांच्या दादासाहेबांना कोण सांगणार?

समुद्रातल्या सुळक्यांवरून तर भरसभेत तमाशा झाला. फोटोत पाण्यातून वर आलेला खडक, वर रुंद, पाण्याच्या रेषेपाशी आत खाल्लेला, अंगावर तांबडे-पिवळे ओघळ. पुढे एका लांब होडीचं टोक, त्याला रंगीत कापडं बांधलेली. सर म्हणाले, "व्हिएतनाम. मी स्वतः तिथे जाऊन आलोय."

मुरारीभाऊ उभे राहिले. "सर, पाण्यानं खाल्लेली खाच दोन्हीकडं असती, त्यावरनं न्हाई सांगता येत. पण टोकाला कापड बांधलेली ही होडी थायलंडची. डोंगर एकटा बघू नये, त्याच्या पायाशी काय हाय ते बी बघावं."

"व्हय का?" सर म्हणाले. "तुम्ही कितीदा गेलाय थायलंडला?"

सगळे हसले. मीही हसले. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण लीडर विनोद करतो तेव्हा आपण काय करतो? मुरारीभाऊ बसले आणि त्यांच्या नावावर आणखी एक लाल बसली.

त्या महिन्याच्या वीस तारखेला त्यांच्या नऊ लाल झाल्या होत्या. आकडे भिंतीवरच्या स्क्रीनवर सगळ्यांना दिसायचे. आमच्याकडे शरमेचीही जाहिरात लागते. एचआरच्या हर्षालीने त्यांना बोलावून गोड आवाजात समजावलं, की अजून एक झाली तर नाइलाज आहे, तेव्हा जरा टीमबरोबर चाला. ते बाहेर आले ते घाम पुसत.

"ताई," मला म्हणाले, "ह्या वयात मला फाउंड्रीत कोण घेणार? दिव्याचं वर्ष पुरं होईस्तोवर तरी हे राहायला पायजे."

"मग तक्त्यात आहे ते लिहा ना भाऊ. दहा दिवस. कोणाचं काय जातंय?"

"व्हय, खरं हाय," ते म्हणाले. मला वाटलं, चला, माणूस एकदाचा सुधारला.

दोन दिवस त्यांनी खरंच उभ्या सुळक्यांना चीन लिहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो फोटो आला.

चार जण रजेवर होते म्हणून डीएस सर स्वतः फोटो बघायला बसले होते. मोठे उपकार. थोड्या वेळाने मागून मुरारीभाऊंचा आवाज आला. "सर, ह्या एकोणीस नंबरच्या फोटोला चीन न्हाई लिहिता येत."

"उभे डोंगर आहेत ना?" सर जागेवरूनच ओरडले. "मी आत्ताच टाकला चीन. डन."

"उभे हायत, पण ह्यांची डोकी बघा की. गोल हायत, गवताच्या गंजीवानी. चीनच्या त्या नदीकाठचे सुळके टोकदार, दाटीनं उभे, शेजारी पाणी भरलेली भातखाचरं. हे लांब लांब सुटे बसलेत, मधी सगळी सपाट लाल जमीन. डोंगराच्या पायाला गुहेचं तोंड हाय, त्यात नदी शिरलीया. आन् वर दोन डोंगरांच्या मधी चारी बाजूंनी बंद झालेला खड्डा हाय, त्याच्या तळाला झाडं."

"गुहा चीनमध्ये नसतात का?"

"असतात की. नुसत्या गुहेवरनं मी बी न्हाई सांगणार. तंबाखू लावलाय वावरात, आमच्या कागलकडं हाय तसाच. पण तंबाखू चीनमध्ये बी होतो, त्यावरनं बी न्हाई. पण हे ताड बघा. सरळ पांढरट बुंधा, सिमेंटच्या खांबागत, वर हिरवी मान. आपल्याकडं सोसायटीच्या दारात लावतात तसले. हितं ते कोणी लावलेले न्हाईत, डोंगरावर आपोआप उगवलेत. ते ज्या मुलखाचे हायत त्याच मुलखातला हा फोटो. सर, हा क्युबा हाय."

"क्युबा!" सर खुर्चीतून उठले. "तक्त्यात आहे का क्युबा?"

"तक्त्यात न्हाई. फोटोत हाय."

असलं वाक्य आमच्या मजल्यावर कोणी बोललं नव्हतं, आणि पुढेही कोणी बोलेलसं वाटत नाही. सर म्हणाले, "लिहा मग क्युबा. नऊ लाल आहेत तुमच्या, लक्षात आहे ना?"

मुरारीभाऊंनी भिंग काढून तो फोटो पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत बघितला. मी वळून बघत होते. चीन लिहा हो, असं मी मनात म्हणत होते. मग त्यांनी भिंग खिशात टाकलं, क्युबा लिहिलं आणि बटण दाबलं.

पाच मिनिटांनी तोच फोटो माझ्या स्क्रीनवर आला.

म्हणजे तिसरी मी. सरांचा चीन, भाऊंचा क्युबा, आणि आता मी जे लिहीन ते खरं होणार. क्युबा लिहिलं तर लाल सरांच्या नावावर बसणार, भिंतीवरच्या स्क्रीनवर, सगळ्यांच्या देखत. आणि कोणी लिहिलं ते सरांना नावासकट दिसणार. पुढच्या आठवड्यात आमच्यावरच्या तपासनीसाच्या जागेसाठी एक नाव जायचं होतं. ते माझं होतं. सरांनीच घातलं होतं.

मी फोटो मोठा केला. गोल डोकी दिसली. लाल माती दिसली. नदी गुहेच्या तोंडात शिरताना दिसली. ताड इतके स्वच्छ दिसत होते की आंधळ्यालाही दिसले असते. आमच्या चिखलीच्या सोसायटीच्या दारात तसलेच चार उभे आहेत, मी रोज त्यांच्यामधून स्कूटी काढते. मला कसलीही शंका नव्हती, हे नीट ऐका. पुढे मी हर्षालीला सांगितलं की फोटो अस्पष्ट होता, मला नक्की कळलं नाही. खोटं. मला सगळं कळलं होतं.

मी चीन लिहिलं.

संध्याकाळी सहा वाजता मुरारीभाऊंचा स्क्रीन बंद झाला. हर्षालीने त्यांना राजीनामा लिहून द्यायला सांगितलं. काढून टाकलं म्हणून नोंद झाली तर अनुभवाचं पत्र मिळत नाही, आणि राजीनामा दिला तर मिळतं, अशी आमच्याकडची दयाळू पद्धत आहे. त्यांनी लिहून दिला. वैयक्तिक कारणास्तव. जाताना माझ्या टेबलापाशी थांबले. "येतो ताई. संभाळून घेतलंत, लई बरं वाटलं." मी काय संभाळून घेतलं होतं, ते देवाला ठाऊक.

तो फोटो परीक्षेचा निघाला. गिऱ्हाईक कंपनी अधूनमधून उत्तर माहीत असलेले फोटो मुद्दाम आमच्यात सोडते, आम्ही काय दिवे लावतो ते बघायला. नऊ दिवसांनी पत्र आलं. फोटो क्युबाचा. आमचं चुनखडीचं सगळं काम, महिनाभराचं, परत. शिवाय त्यांनी विचारलं होतं, की तिघांतल्या एकाने बरोबर उत्तर दिलं होतं, तो माणूस कोण? यापुढे चुनखडीचे सगळे फोटो त्याच्या हातून जावेत.

बैठकीत डीएस सर घसा साफ करून इंग्रजीत म्हणाले, की तो सहकारी वैयक्तिक कारणास्तव सोडून गेला आहे. कागद होताच, सही होतीच. "परत बोलवू या का?" कोणीतरी विचारलं. सर म्हणाले, त्याला टीममध्ये काम करता येत नव्हतं. मग तक्त्यात पाचवा चौकोन घालायचं ठरलं: उभे डोंगर, वर ताड, क्युबा. म्हणजे आता जगात जिथे डोंगर आणि ताड एकत्र दिसतील, ते सगळं क्युबा. या माणसाला लाजेचं इंजेक्शन दिलं तरी चढणार नाही. आणि तपासनीस म्हणून माझं नाव वर गेलं, त्याबद्दल मी टाळ्या घेतल्या.

मुरारीभाऊंना चाकणच्या एका गोदामात काम मिळालं. खोक्यांवर पट्टी मारायची, बारा तास उभं राहून. हे मला दिव्याकडून कळलं. महिनाभराने चिखलीच्या रविवारच्या बाजारात ते स्वतःच भेटले. हातात मेथीची जुडी, आणि खिशात भिंग नव्हतं. मी त्यांना बघून वाट बदलणार होते, पण त्यांनी लांबूनच हाक मारली.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "भाऊ, तो फोटो क्युबाचाच निघाला. कंपनीचं पत्र आलं होतं."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "व्हता ना क्युबा! व्हता ना! मी घरी बायकोला म्हणलं व्हतं, ती डोकी चीनची न्हाईत." कोण म्हणालं, पत्र कधी आलं, लाल परत काढली का, असलं त्यांनी काहीही विचारलं नाही. मेथी या हातातून त्या हातात घेतली आणि पुन्हा म्हणाले, "पायाला गुहा, वर बंद खड्डा, मधी लाल जमीन. सगळं बसत व्हतं की."

मग म्हणाले, "त्या दिवशी तो फोटो तिसऱ्या कुणाकडं गेला आसंल, ह्याचा लई इचार केला मी. सरांचा एक, माझा एक. तिसऱ्यानं नुसतं नीट बघितलं असतं तर झालं असतं."

"कळत नाही ना ते आपल्याला," मी म्हटलं.

"न्हाईच कळत. पण एवढं मला माहीत हाय ताई," ते म्हणाले, "तुमच्याकडं आला असता, तर तुमी क्युबाच लिहिलं असतं."

मी म्हटलं, "हो."